पहिला रकाना बघून थांबू नका

प्रश्न: परदेशी डिग्रीला किंवा बर्थ सर्टिफिकेटला जोडलेल्या अपोस्टिलवरून तो कागद कोणत्या देशाने दिलाय हे कसं ओळखायचं?

अपोस्टिल म्हणजे कागदावरची सही आणि शिक्का खरा असल्याचा, परदेशात चालणारा सरकारी दाखला. त्याच्या रकाना क्रमांक १ मध्ये देशाचं नाव असतं. भाषा वाचता येत नसली तरी अडत नाही, कारण दहाही रकान्यांचे आकडे आणि क्रम सगळ्या देशांत तेच आहेत, आणि वरचं शीर्षक, म्हणजे 'अपोस्टिल' आणि त्याखाली ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग कराराचा उल्लेख, फ्रेंचमध्येच असावं लागतं.

पण तो देश अपोस्टिल देणाऱ्याचा. डिग्री देणाऱ्याचा असेलच असं नाही, आणि याच एका गोष्टीवरून माझं माझ्या साहेबांशी जे वाजलं ते मी अजून विसरलेलो नाही.

२०२२ मध्ये मी एका विद्यापीठाच्या प्रवेश विभागात परदेशी कागद तपासायचो. एका मुलीची फाइल आली. अपोस्टिलवर रकाना १ मध्ये युनायटेड किंगडम, ५ मध्ये लंडन, ७ मध्ये तिथल्या परराष्ट्रमंत्र्यांचं पदनाम. साहेबांनी एवढं बघितलं आणि सिस्टिममध्ये डिग्रीचा देश ब्रिटन टाकून मोकळे झाले. पुढच्या टेबलावर ब्रिटनच्या यादीत ते विद्यापीठ सापडेना, म्हणून फाइलवर 'संशयित' असा शेरा पडला. तीन आठवडे ती मुलगी मेल करत होती आणि तिला कोणी धड कारणही सांगत नव्हतं.

मी फाइल मागून घेतली आणि रकाना २ आणि ३ वाचले. २ मध्ये सही कोणाची आणि ३ मध्ये ती त्याने कोणत्या अधिकाराने केली हे असतं. ३ मध्ये लिहिलं होतं नोटरी पब्लिक आणि ४ मध्ये शिक्काही त्याच नोटरीचा. म्हणजे विद्यापीठाच्या रजिस्ट्रारच्या सहीशी त्या अपोस्टिलचा काही संबंधच नव्हता. पान उलटलं तर नोटरीचा दाखला, 'मूळ प्रत पाहून ही नक्कल खरी असल्याचं प्रमाणित करतो' असा, आणि त्याच्या खाली डिग्रीची झेरॉक्स, ती कॅनडाची. मुलगी लंडनला राहत होती, कॅनडा तेव्हा करारातच नव्हता (तिथे अपोस्टिल ११ जानेवारी २०२४ पासून सुरू झालं), मग तिने राहत्या ठिकाणी नोटरी गाठून नक्कल प्रमाणित करून घेतली आणि त्या नोटरीच्या सहीवर ब्रिटनचं अपोस्टिल घेतलं. यात खोटं काहीच नव्हतं. चुकलं ते आमच्याकडे वाचताना.

साहेब म्हणाले, "सरकारी शिक्क्यावर देश छापलाय, तू कोण ठरवणार?" मी तेव्हा गप्प बसलो. आज बसलो नसतो. अपोस्टिल फक्त एवढंच सांगतं की ही सही, हा हुद्दा, हा शिक्का खरा आहे. कोणाची सही? रकाना २ मधल्या माणसाची. तो माणूस नोटरी असेल तर देश नोटरीचा.

म्हणून रकाना २ मधलं नाव हातात धरायचं आणि कागदावर ती सही शोधायची. ती थेट डिग्रीवर किंवा जन्मदाखल्यावर, रजिस्ट्रारची म्हणून सापडली तर रकाना १ वर खुशाल विश्वास ठेवा. ती मधल्या एखाद्या पानावर नोटरीची किंवा वकिलाची म्हणून सापडली तर रकाना १ बाजूला ठेवा आणि त्या पानाखालचा मूळ कागद वाचा, देश तिथेच मिळेल. बर्थ सर्टिफिकेटमध्ये हा घोळ कमी होतो, कारण त्यावर बहुतेक वेळा नोंदणी अधिकाऱ्याचीच सही असते. अमेरिकेच्या अपोस्टिलवर रकाना १ मध्ये देशच लिहितात, राज्य कोणतं ते ७ वरून कळतं, कारण राज्याच्या कागदावर अपोस्टिल त्या राज्याचंच कार्यालय देतं, बहुतेक ठिकाणी सेक्रेटरी ऑफ स्टेटचं.

तारीख रकाना ६ मध्ये असते, तीही बघा. कॅनडाच्या नावाने २०२२ चं अपोस्टिल कोणी दाखवलं तर ते खरं असूच शकत नाही.

हो, आणि एक राहिलं. रकाना ८ मधला नंबर आणि तारीख देऊन ते अपोस्टिल खरंच दिलं होतं का हे देणाऱ्या कार्यालयाकडून तपासता येतं, तशी नोंद ठेवणं त्यांना करारानेच बंधनकारक आहे, बऱ्याच देशांत हे ऑनलाइनही होतं. पण 'नोंद सापडली' याचा अर्थ डिग्री खरी असा नाही. नोटरीने खोट्या डिग्रीच्या नकलेवर खरी सही केली असेल तरी नोंद सापडणारच. डिग्री खरी आहे का हे विद्यापीठालाच विचारावं लागतं.

त्या मुलीच्या फाइलवरचा देश मी शेवटी बदलून घेतला, लेखी टिपण जोडून. साहेबांनी सही केली, पण शेवटपर्यंत म्हणत राहिले की अपोस्टिलवर ब्रिटनच लिहिलंय. लिहिलंच होतं, नोटरीसाठी.