बारीक माणसाला पॅरासिटामॉलची अख्खी बाटली?

प्रश्न: वजन कमी असलेल्या मोठ्या माणसाला आयव्ही पॅरासिटामॉल किती द्यायचं, किती वेळात चढवायचं आणि दोन डोसमध्ये कमीत कमी किती अंतर हवं?

५० किलोच्या खाली किलोमागे १५ मिलिग्रॅम, १५ मिनिटांत, आणि दोन डोसांत किमान ४ तास. २४ तासांत चारच्या वर डोस नाहीत. पण हे तोंडपाठ असलेली माणसंसुद्धा अख्खी बाटली लावतात, म्हणून लिहिते आहे.

आमच्या वॉर्डला पोटाचं ऑपरेशन झालेल्या एक आजी होत्या. फाईलवर वजन 'अंदाजे ५०', म्हणजे कुणी काट्यावर उभंच केलेलं नाही. मनगट माझ्या दोन बोटांत मावत होतं. ऑर्डर होती, 'एक बाटली, सहा तासांनी'. मी मावशींना ओपीडीतला काटा आणायला लावला. भरलं ३८ किलो.

३८ गुणिले १५ म्हणजे ५७० मिलिग्रॅम. बाटलीत १०० मिलीत १ ग्रॅम, म्हणजे एका मिलीत १० मिलिग्रॅम, म्हणून लागणार फक्त ५७ मिली. अख्खी बाटली म्हणजे किलोमागे २६ मिलिग्रॅम. अशा चार लावल्या की दिवसाला किलोमागे १०५, जिथे ५० किलोपर्यंतच्या मोठ्या माणसाला युरोपातली मर्यादा ६० आहे (आणि एकूण ३ ग्रॅमच्या वर नाही).

ड्यूटीवरचे आरएमओ म्हणाले, "सिस्टर, ॲडल्ट म्हणजे एक ग्रॅम. पॅरासिटामॉलला काय घाबरता?" मी पेटीतली घडीची पत्रिका उघडून वजनाचा तक्ता समोर धरला. तर म्हणे, अमेरिकेत जास्त देतात. देतात ना! तिथे ५० किलोखाली दिवसाला किलोमागे ७५ चालतात. आजींना त्या हिशोबाने झाले २८५० मिलिग्रॅम, तुमच्या चार बाटल्यांचे ४०००. कुठलाही देश घ्या, डॉक्टर, चार बाटल्या बसत नाहीत. ऑर्डर शेवटी बदलली, पण तोंड वाकडं करून.

घाबरायचं कारण साधं आहे. पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात विषारी रूप घेतो आणि ग्लुटाथिओन ते निकामी करतं. आठवडाभर नीट न जेवलेल्या, खंगलेल्या माणसात तो साठाच कमी असतो. स्कॉटलंडमध्ये २००८ साली साधारण ३५ किलोच्या एका तरुणीचा शिरेतून जास्त पॅरासिटामॉल गेल्याने यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. आणि कळतही लवकर नाही. ताप उतरलेला, दुखणं थांबलेलं, सगळे खूश. पहिल्या दिवशी फार तर मळमळ. यकृताचे आकडे नंतर चढतात.

आता ५७ मिली कसे द्यायचे? बाटली लावून 'अर्ध्याच्या खाली आली की बंद करू' म्हणणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. शेजारच्या बेडची बेल वाजते आणि बाटली संपते. आधीच सिरिंजने ४३ मिली काढून फेकायचे आणि मग लावायची, किंवा ब्युरेट सेटमध्ये ५७ मोजून घ्यायचे. उरलेलं पुढच्या डोसला ठेवायचं नाही, त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नसतं. मिलीला २० थेंबांचा सेट असेल तर मिनिटाला साधारण ७६ थेंब पडले की १५ मिनिटांत संपतं. भरभर सोडलं तर गंभीर पेशंटचं बीपी खाली येऊ शकतं. काचेची बाटली असेल तर शेवटी जवळ उभं राहा, हवा जाऊ शकते.

अंतराचं म्हणाल तर ४ तास ही खालची हद्द आहे, वेळापत्रक नव्हे. आम्ही ६ तासांनीच देतो. आणि घड्याळ फक्त सलाईनचं धरू नका. त्याच आजींच्या सुनेने दुपारी पर्समधली ६५०ची गोळी दिली होती, अंग तापलं म्हणून. तीही हिशोबात आली आणि संध्याकाळचा डोस पुढे गेला. ट्रॅमाडॉलच्या जोडगोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं.

हो, किडनी खूप खराब असेल (क्रिएटिनिन क्लिअरन्स ३० किंवा खाली) तर किमान ६ तास. यकृताचा आजार, रोजची दारू किंवा उपासमार असेल तर दिवसाचा एकूण डोस याहून कमी, आणि तो आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा. जास्त गेलंच असेल तर लक्षणांची वाट न बघता लगेच डॉक्टरांना सांगा, एन-ॲसिटिलसिस्टीन हा त्यावरचा उतारा जितका लवकर तितका उपयोगी. आणि तुम्ही नातेवाईक असाल तर थेंबांच्या चाकाला हात न लावता एवढंच विचारा, "वजन किती धरलंय?" ऑर्डर '५७० मिलिग्रॅम = ५७ मिली' अशी दोन्ही आकड्यांत लिहून घ्या. 'एक बाटली' हा डोस नाही, हे मी त्या आरएमओंना आजही तोंडावर सांगेन.