सगळे हसायचे, ती गप्प व्हायची

“माझा नवरा कधी आवाज चढवत नाही, हात उगारणं तर दूरच. पण मी काही बोलले की डोळे वर फिरवतो, पाहुण्यांसमोर माझी चेष्टा करतो, आणि मी दुखावले की म्हणतो, ‘तुला मस्करीच कळत नाही.’ माझ्या बहिणीचा नवरा तापट आहे, त्यांच्याकडे रोज खडाजंगी होते, तरी ती माझ्यापेक्षा सुखी दिसते. मी जास्तच मनावर घेते का?”

नाही, जास्त मनावर घेत नाही. का, ते सांगण्यासाठी माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याबद्दल लिहिते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

देवगडकडचं घर. हापूसची कलमं, घरची पेटी वाशीला जाणारी. नवरा बाग बघायचा; बायको बी.कॉम., दलालाकडून येणाऱ्या पट्ट्या, मजुरी, फवारणीचा खर्च हे सगळे हिशोब तिच्याकडे. सोबत सासूबाई आणि सातवीतला मुलगा. पहिल्यांदा आले तेव्हा घरच्यांच्या लेखी दोष तिचा होता, कारण ओरडायची ती. तो शांत, हसतमुख, गावात गजालीला बसला की चार माणसं भोवती जमावीत असा. सासूबाईंचं म्हणणं होतं, “माझो झील एक शब्द वाईट बोलणा नाय, हीच खेकसता.”

अशा वेळी मी जोडप्याला त्यांच्या नेहमीच्या वादाच्या एका विषयावर माझ्यासमोर पंधरा मिनिटं बोलायला सांगते. मी मध्ये पडत नाही. दोघांची परवानगी असेल तर मोबाईलवर चित्रण करते आणि नंतर तेच त्यांना आवाज बंद करून दाखवते. यांनी विषय घेतला होता मजुरांची उचल. ती म्हणाली, “उचल वहीत लिहिल्याशिवाय देऊ नका, मार्चमध्ये माझा मेळ लागत नाही.” तो माझ्याकडे बघून म्हणाला, “आता हवामान खात्याचा अंदाज ऐका.” आणि हसला. ती वाक्य अर्धं सोडून थांबली. मग दोन मिनिटांनी एकदम मोठ्याने बोलायला लागली.

आवाज बंद करून बघताना त्याला स्वतःलाच ते दिसलं. ओठांचा एकच कोपरा वर गेलेला, नजर छताकडे, नाकातून सोडलेला श्वास. चेहऱ्यावरच्या भावनांचा अभ्यास करणारे पॉल एकमन यांनी तुच्छतेची हीच खूण नोंदवली आहे: रागात दोन्ही भुवया खाली येतात, दोन्ही ओठ आवळले जातात, तुच्छतेत मात्र तोंडाचा एकच कोपरा ताणला जातो. त्याने चित्रण थांबवून मागे नेलं आणि पुन्हा पाहिलं. त्याला स्वतःच्या चेहऱ्यापेक्षा तिचा चेहरा जास्त लागला असावा. त्याचं हसू आलं की प्रत्येक वेळी तिची मान किंचित खाली जात होती.

‘हवामान खातं’ हे तिचं टोपणनाव होतं. मे 2021 मधलं तौक्ते वादळ कोकणपट्टीत कुणी विसरलेलं नाही. त्यांच्या वरच्या बागेतली शेवटची फळं अजून झाडावर होती. ती म्हणाली होती, आठवडाभर थांबूया, फळ तयार होऊ दे, दर बरा येईल. त्यालाही ते पटलं होतं. मग वारा आला आणि सकाळी झाडाखाली आंब्यांचा सडा. त्या दिवशी तो तिला काहीच बोलला नाही. शेजारी बघायला आले तेव्हा म्हणाला, “आमच्या हवामान खात्याक इचारा.” सगळे हसले. त्या हसण्याने त्याचं त्या दिवशीचं दुःख हलकं झालं असेल, हे मी समजू शकते. पण नाव चिकटलं. पुढे बँकेचं कर्ज असो, मुलाची शाळा असो की पाहुण्यांसाठी मासे किती आणायचे असो, तिने मत दिलं की हवामान खातं.

आता राग आणि तुच्छता यांतला फरक बघा. त्या सकाळी तो तिच्यावर चिडला असता, “तुझ्यामुळे थांबलो, बघ काय झालं,” तर त्या वाक्याला उत्तर देता आलं असतं. ती म्हणाली असती, “निर्णय दोघांचा होता.” भांडण झालं असतं, दोन दिवस अबोला झाला असता, पण विषय आंब्याचाच राहिला असता. राग असं धरून चालतो की समोरच्याने वेगळं वागायला हवं होतं आणि तो तसं वागू शकतो. म्हणून रागावलेला माणूस समोरच्याशी बोलतो, मोठ्याने का होईना. तुच्छतेला बदल नकोच असतो. ‘ही अशीच, हिला कळत नाही’ असा निकाल तिथे आधीच लागलेला असतो, आणि निकाल लागलेल्या माणसाशी बोलायचं ते कशाला? म्हणून तो तिच्या प्रश्नाचं उत्तर तिला न देता माझ्याकडे बघून देत होता.

मानसशास्त्रज्ञ अग्नेटा फिशर आणि आयरा रोझमन यांनी 2007 मध्ये या दोन भावनांची तुलना केली. रागात माणसं तेव्हापुरती टोचून बोलतात, हल्ला करतात, पण पुढे बरेचदा समेट होतो. तुच्छतेत मात्र समोरच्याला लांब ठेवणं आणि वगळणं सुरू होतं आणि नंतरही चालू राहतं. त्यांच्या अभ्यासातला आणखी एक मुद्दा या जोडप्याला तंतोतंत लागू होता: न निवळलेल्या रागातूनही तुच्छता तयार होते. अमेरिकेत जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी अनेक वर्षं जोडप्यांचे वाद चित्रित करून त्यांचा मागोवा घेतला. नाती मोडण्याची सगळ्यात ठळक पूर्वखूण म्हणून गॉटमन तुच्छतेकडे बोट दाखवतात. नुसत्या रागाकडे नाही. ती जोडपी तिकडची होती, त्यांचे आकडे मी इथल्या घरांना लावत नाही. पण तुच्छतेने माणूस वाक्य अर्धं सोडतो हे मी सिंधुदुर्गात डोळ्यांनी पाहते आहे.

मस्करीचं आवरण असलं की नुकसान वाढतं, कारण दुखावलेल्या माणसाकडे उत्तरच उरत नाही. रागाला रागाने उत्तर देता येतं. मस्करीवर रुसलं तर ‘विनोद कळत नाही’ हा दुसरा शिक्का बसतो. हसलं तर आपण स्वतःच त्यावर सही केल्यासारखं होतं. ती बिचारी दोन वर्षं हसली, मग गप्प बसायला लागली, मग ओरडायला. घरच्यांना दिसलं ते शेवटचं.

कोकणात तिरकस बोलल्याशिवाय बोलणं पुरं होत नाही, आणि मला ते आवडतं. सगळ्या चेष्टेला मी तुच्छता म्हणत नाही. फरक ओळखायला मी तीन गोष्टी बघते. ज्याची चेष्टा झाली तो पुढचं वाक्य बोलतो की थांबतो? तो उलटी चेष्टा करू शकतो का, आणि तेव्हाही तितकंच हसू येतं का? आणि “हे नको” म्हटल्यावर ती थांबते का? तिसरी सगळ्यात महत्त्वाची. प्रेमाने चेष्टा करणारा माणूस समोरच्याला लागलं हे कळताच वरमतो.

या जोडप्यासोबत पहिलं काम होतं ते न झालेलं भांडण होऊ देणं. मी त्याला तौक्तेच्या सकाळबद्दल तिच्याकडे बघून बोलायला सांगितलं. खूप वेळ गेला. मग तो म्हणाला, “माका तेवा तुझो राग इलो होतो. आणि माझोपण. मी काय बोललंय नाय.” ती भडकली. निर्णय दोघांचा होता, कर्जाचा हप्ता तिने कसा भरला, बांगड्या कुठे ठेवल्या, सगळं निघालं. आवाज दोघांचेही चढले. त्या दिवशी दोघं पहिल्यांदा एकमेकांशी बोलत होते. सासूबाई बाहेर बसून घाबरल्या, त्यांना आत बोलावून मी सांगितलं की हे चांगलं चाललंय.

दुसरं काम त्याचं एकट्याचं होतं. चेहरा ठरवून आवरता येत नाही, डोळे फिरायचे ते फिरतातच, कारण त्याआधी मनात एक वाक्य येऊन गेलेलं असतं. त्याचं वाक्य होतं, ‘झाली हिची सुरुवात.’ टेम्पो चालवताना, बागेत एकटा असताना तो ते मनात घोळवायचा, तिच्या चुकांची उजळणी करायचा. ते पकडायचं आणि त्याजागी खरी तक्रार शोधायची. ‘उचल वहीत लिहायला मला संध्याकाळी कंटाळा येतो आणि तू विचारलंस की मला तपासणी झाल्यासारखं वाटतं.’ हे बोलता येतं, यावर तोडगाही निघतो. त्यांनी काढला: मजुरांसमोर तो तिला मोबाईलवर आकडा पाठवतो, वही ती लिहिते. याशिवाय दिवसातून एकदा तिने केलेली एक नेमकी गोष्ट तिला बोलून दाखवायची. ‘तू चांगली आहेस’ चालणार नाही. ‘त्या पट्टीतली तोलाईची चूक तू पकडलीस’ असं हवं. चुका शोधायला सरावलेल्या नजरेला हे सुरुवातीला फार जड जातं. त्यालाही गेलं.

मुलगा हे त्यांचं येण्याचं खरं कारण होतं. त्याने एकदा जेवताना आईला “गप गो, हवामान खाता” म्हटलं आणि अगदी बापासारखं तोंड वाकडं केलं. ते नाव घरात बंद झालंय हे मुलाला बापानेच सांगावं, असा माझा आग्रह होता. त्याने सांगितलं, मुलासमोर बायकोची माफी मागून. पाहुण्यांसमोर अजून कधीतरी जुनी लकब वर येते. आता ती तिथल्या तिथे त्याच्याकडे बघते आणि तो थांबतो.

तुम्ही काय करावं? चारचौघांत उत्तर देऊ नका, उलट टोमणा तर नकोच; तुच्छतेला तुच्छतेचं उत्तर दिलं की दोघंही तिथेच अडकतात. नंतर एकांतात, शांत वेळी, एकच प्रसंग घेऊन सांगा: “काल भावोजींसमोर माझ्या स्वयंपाकावर बोललात, ते मला लागलं. ती मस्करी मला चालणार नाही. जेवणाबद्दल तक्रार असेल तर मला सरळ सांगा, मी ऐकेन.” त्यात ‘तुम्ही नेहमीच’ हे शब्द घालू नका. मग त्यांच्या उत्तरापेक्षा पुढचे काही आठवडे बघा. ते वरमले, अडखळले, चिडून का होईना खरी तक्रार बोलले, तर दोघं मिळून समुपदेशकाकडे जा.

पण सांगितल्यावर चेष्टा वाढली, तुमच्या माहेरावर, रूपावर, मूल होण्या-न होण्यावर आली, किंवा पैसे अडवणं, फोन तपासणं, धाक घालणं यांची जोड मिळाली, तर जोडप्याने एकत्र बसण्याचा सल्ला मी देत नाही. तिथे मोकळं बोलल्याची किंमत घरी गेल्यावर बाईला मोजावी लागते. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचं संरक्षण करणाऱ्या 2005 च्या कायद्यात अपमान, उपहास आणि नावं ठेवणं यांचा शाब्दिक व भावनिक छळात स्पष्ट उल्लेख आहे. हात उगारलेला असलाच पाहिजे असं नाही. अशा वेळी आधी एकट्या या, किंवा 181 या महिला हेल्पलाइनवर बोला. बहिणीला हे सगळं ठाऊक नसेल तर तिलाही सांगून ठेवा.