साठा उत्तरांची कहाणी

“आई, आजीच्या सोमवारच्या गोष्टीऐवजी मी लिहिलेली वाचली तर उपास मोडतो का? आणि शेवटी सगळं चांगलंच का व्हायला हवं?”

मनू,

तुझं दुसरं वाक्य जरा लागलं. तुझ्याएवढी असताना मीही हेच विचारलं असतं, पण तोंड उघडायची हिंमत नव्हती. श्रावणी सोमवारी आजी पाटावर बसायची, आमच्या मुठीत अक्षता द्यायची आणि वाचायला लागायची, “ऐका महादेवा, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं.” माझं लक्ष स्वयंपाकघरात, कारण उपास संध्याकाळीच सुटायचा. अक्षता घामाने तळव्याला चिकटायच्या.

गंमत म्हणजे, उपाशी पोटी ऐकायच्या त्या गोष्टीतली म्हातारी आधी सगळ्यांना जेवू घालते. राजाने गावातलं सगळं दूध गाभाऱ्यात ओतायला लावलं, वासरंसुद्धा उपाशी राहिली, तरी गाभारा भरेना. म्हातारीने लेकरासुनांना, गाईवासरांना दिलं आणि उरलेलं खुलभर दूध नेलं. गाभारा भरला. पहिल्या सोमवारी राजाला काही कळलं नाही, दुसऱ्या सोमवारी पहारा बसवूनही कळलं नाही. तिसऱ्या सोमवारी तो स्वतः बसला आणि त्याने तिला पकडलं. बघ, व्रत आठवड्याचं, तर गोष्टही आठवड्याआठवड्याने पुढे सरकते.

तुझी कहाणी वाचली. राजा कारंज्यासाठी गावाचं पाणी अडवतो आणि माळीबाबा तांब्याभर पाणी घेऊन येतो, हे मला फार आवडलं. पण शेवटी तू वेगळं लिहिलंस, “शिकवण : पाणी वाटून घ्यावं.” ते काढ. कहाणीत शिकवण कुणीतरी बोलतं, आणि तेही विचारल्यावर. तिथे राजा म्हातारीला अभय देतो, तेव्हा ती भीत भीत कारण सांगते. तुझ्या माळीबाबालाही राजाने विचारावं. पुढच्या सोमवारी राजाला तसं करून बघू दे, मगच कारंजं उडू दे. तू दोन्ही एकाच दिवशी उरकलंस, म्हणून शेवट फुकटचा वाटतो. माणसांना नावंही देऊ नकोस. राजा, माळी, बस्स. आणि वाक्यं एका दमात म्हणता येतील एवढीच ठेव, कारण ही ऐकायची चीज आहे.

शेवट गोड का, याचं माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. मला वाटतं, ते मागणं आहे. “जसा महादेव तिला प्रसन्न झाला, तसा तुम्हां आम्हां होवो,” असं वाचताना आजीचा आवाज खाली यायचा. ते वर्ष आमच्या घरी काही फार बरं नव्हतं. तेव्हा तो शेवट मला खोटा वाटायचा. आता तितका वाटत नाही.

उपास मोडतो की नाही, ते आजीला विचार. धरायलाच हवा असं मी म्हणत नाही. पण वाचलीस तर “ही साठा उत्तरांची कहाणी, पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण” हे मोठ्याने म्हण. त्यावरच आम्ही अक्षता वाहायचो आणि ताटांकडे पळायचो.

तुझी आई