महिनाअखेर हातात काय उरतं: म्युनिक की दुबई

अरे बाबा, तुझे दोन्ही ऑफर लेटर नीट वाचले. म्युनिकवाले वर्षाला ६५,००० युरो देतायत, दुबईवाले महिन्याला १८,००० दिरहम, आणि तू मेसेजमधे लिहिलंस की दुबईत टॅक्सच नाही म्हणजे विषय संपला. विषय तिथं संपत नाही रे, तिथून तर चालू होतो. दुबईत पगारावर इन्कम टॅक्स नाही हे खरंच आहे, पण टॅक्स नसला म्हणून खर्च कमी असतो असं कुठं आहे? आधी वही काढ आणि मी लिहितोय तसं उतरवत जा. घर नवराबायको आणि तीन वर्षांची पोरगी असं धरलंय, कारण तू एकटा असतास तर सगळा हिशोब उलटला असता आणि मीच म्हणलो असतो की डोळे झाकून दुबईला जा. रेट सोपे धरू, युरो १०० रुपये आणि दिरहम २४. रोजच्या रेटनं थोडं इकडंतिकडं होईल, त्याच्यामागं उगं लागू नकोस, फक्त दोन्हीला रेट एकाच दिवसाचा लाव.

पहिली नजर टाकली तर म्युनिक पुढं दिसतं, वर्षाचे ६५ लाख विरुद्ध ५१ लाख ८४ हजार. पण जर्मन पत्रातला आकडा कायम ब्रुट्टो असतो, म्हणजे कापायच्या आधीचा. महिन्याला ५,४१७ युरो, त्यातून पेन्शनला ९.३ टक्के, बेकारी विम्याला १.३, हेल्थ इन्शुरन्सला साधारण साडेआठ, वृद्धांच्या देखभालीच्या विम्याला १.८, हे सगळं तुझ्या वाट्याचं, कंपनीही जवळपास तेवढंच वेगळं भरते. मग वर इन्कम टॅक्स. बायको तुझ्यासोबत तिकडं राहत असेल आणि कमवत नसेल तर तुला तिसरा टॅक्स क्लास मिळतो आणि २०२५ च्या दरांनी हातात ३,७७० च्या आसपास येतात. पण घरचे मागं लातूरलाच असतील तोवर तू पहिल्या क्लासमधे, तेव्हा हातात साधारण ३,३५० येतील, म्हणजे महिन्याला चारशे युरोचा फरक. त्यामुळं बायकोचा व्हिसा सहा महिने लांबला तर तो नुसता विरहाचा प्रश्न नसतो. आणि बघ, टॅक्स कापल्यावर वर्षाचे ४५ लाख राहिले, म्हणजे आता दुबई पुढं गेली. तू इथंच थांबलास.

आता घरभाडं. म्युनिक हे जर्मनीतलं सगळ्यात महागड्या शहरांपैकी एक, तिथं तिघांना पुरेल असं घर थोडं बाहेरच्या बाजूला बघितलं तर १,६०० कोल्ड आणि हीटिंग, पाणी, कचरा धरून १,९०० वार्म असं धर. जाहिरातीत कोल्ड रेंट मोठ्या अक्षरात असतं, तुला मोजायचंय वार्म. वीज, इंटरनेट आणि घरटी रेडिओ-टीव्हीची १८.३६ युरोची सक्तीची वर्गणी मिळून १५०, दोघांचे महिन्याचे पास २०२५ च्या दरानं ११६, किंडरगार्टनला १५०, किराणा आणि बाकीचं काटकसरीनं ९००. झाले ३,२१६. पोरीसाठी सरकार महिन्याला २५५ युरो देतं, हा २०२५ चा आकडा, तो तुझ्या ३,७७० मधे मिळव. उरले साधारण ८०० युरो, म्हणजे ८० हजार रुपये. हेल्थ इन्शुरन्सची वेगळी ओळ लिहिली नाही कारण तिकडच्या सरकारी पद्धतीच्या विम्यात न कमवणारी बायको आणि लेकरू तुझ्याच हप्त्यात बसतात.

दुबईत याच ओळी वेगळ्या पडतात. दोन खोल्यांचं साधं घर वर्षाला ९६,००० धरू, म्हणजे महिन्याला ८,०००. त्याच्यावर भाड्याच्या ५ टक्के हाउसिंग फी लागते, ती वीज-पाण्याच्या बिलात थोडी थोडी जोडून येते म्हणून लोकांच्या हिशोबातून सुटते, महिन्याला ४००. वीज, पाणी आणि एसीचं कूलिंग ९०० धर, उन्हाळ्यात जास्त. पोरीची शाळा, आपल्या अभ्यासक्रमाची आणि स्वस्तातली बघितली तरी बससकट वर्षाला १५,००० धर, म्हणजे १,२५०, आणि ही ओळ पोरगी मोठी होईल तशी चढत जाणार, कारण तिथं आपल्या लेकरांना खासगीच शाळा बघावी लागते आणि म्युनिकला सरकारी शाळेला फी नसते. तुझा हेल्थ इन्शुरन्स कंपनीला द्यावाच लागतो, पण तुझ्या पत्रात बायकोपोरीचं नावच नाही, म्हणजे तो तुझ्या खिशातून, महिन्याला ५०० धर. किराणा आणि बाकी ३,५००, मेट्रो-टॅक्सी ८००. बेरीज कर, १५,३५० होते. उरले २,६५०, म्हणजे ६३ हजार रुपये.

म्हणजे टॅक्स नसलेल्या गावात महिन्याला सतरा हजार कमीच उरतायत. माझे घरभाड्याचे आकडे तुझ्या एरियात जुळतील असं नाही, ते तू स्वतः दोन्हीकडच्या जाहिराती बघून बदल, पण बाकीच्या ओळी मात्र सोडू नकोस.

आता जे महिन्याला दिसत नाही ते. दुबईत नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा पगार, पण तो बेसिकवर. तुझ्या १८,००० मधे बेसिक फक्त ९,००० आहे, बाकी हाउसिंग आणि ट्रान्सपोर्ट. म्हणजे वर्षाला ६,३०० दिरहम, महिन्याला ५२५ पडतात, आणि वर्ष पूर्ण व्हायच्या आत सोडलं तर काहीच नाही. पगार तोच ठेवून बेसिक वाढवून मागणं सोपं असतं, एचआरला लगेच जास्त द्यावं लागत नाही म्हणून ते ऐकतात. जर्मनीत तुझे महिन्याला ५०३ युरो पेन्शनमधे जातायत, ते बुडाले असं समजू नकोस. ६० महिन्यांच्या आत हप्ते थांबवून युरोप सोडलं, तर दोन वर्षांनी तुझा वाटा अर्ज करून परत मागता येतो. कंपनीचा वाटा नाही, फक्त तुझा. ६० महिने भरले की मग पैसे परत नाहीत, म्हातारपणी पेन्शन, ती भारतात राहूनही घेता येते. म्हणून चार वर्षांनी परत यायचं का सात, हे आधी ठरव. तू चार म्हणालास, म्हणजे महिन्याचे ५० हजार तुझ्या नावावर अडकलेले धर. ग्रॅच्युइटी आणि हे पैसे दोन्ही मिळवले तर दुबई ७६ हजार आणि म्युनिक १ लाख ३० हजार. दुबईवाल्यांनी २०,००० च्या वर पगार नेला तरच बरोबरी होते. फक्त हे पेन्शनचे पैसे बाबांच्या पीककर्जाला कामाला येणार नाहीत, ते लै उशिरा हातात पडतात.

रिलोकेशन. इथं पोरं सगळ्यात जास्त फसतात, कारण पत्रात रक्कम लिहिलेली असते आणि ती बघून बरं वाटतं. म्युनिकवाले ४,००० युरो एकरकमी देतायत. ते पगारासोबत जमा झाले तर पगारासारखेच कापले जातात, आणि सुरवातीला तू पहिल्या क्लासमधे असणार, चाळीस टक्के तरी जातील. तेच त्यांनी तिकिटं आणि सामानाच्या पावत्या घेऊन खर्च भरून दिला तर नियमात बसेल तेवढा करमुक्त मिळू शकतो. एक मेल टाकून विचार. आणि वसुलीचं कलम बघ, दोन वर्षांच्या आत सोडलं तर पूर्ण परत का राहिलेल्या महिन्यांच्या हिशोबानं. तुझ्यात पूर्ण लिहिलंय, ते महिन्यांप्रमाणे करून माग.

दुबईवाले तिकीट आणि १५ दिवस हॉटेल देतायत, रोख काही नाही. आणि तिथं भाडं वर्षाच्या चेकांत देतात. चार चेकवर घर मिळालं तर पहिला २४,०००, डिपॉझिट ५ टक्के म्हणजे ४,८००, एजंटचे तेवढेच, वीज-पाण्याचं डिपॉझिट २,०००. ३५,६०० दिरहम, साडेआठ लाख रुपये, पहिला पगार व्हायच्या आत किंवा लगेच. वर चेकबुक मिळायला व्हिसा, एमिरेट्स आयडी आणि बँक अकाउंट लागतं, ते १५ दिवसांत होईलच असं नाही. म्युनिकला डिपॉझिट तीन महिन्यांच्या कोल्ड रेंटपर्यंत असतं पण ते तीन हप्त्यांत द्यायचा हक्क कायद्यानं आहे, आणि भाड्याच्या घरात एजंटचे पैसे ज्यानं एजंट लावला त्यानं द्यायचे असतात. तिथला त्रास वेगळा, घर मिळायलाच वेळ लागतो आणि कित्येक घरांत किचनचा ओटासुद्धा नसतो. तरी साडेआठ लाख एकदम उभे करायची वेळ येत नाही. दुबईला जायचं ठरलंच तर कंपनीकडून घरभाड्याचा ॲडव्हान्स लेखी घे, पगारातून वळता करू दे.

एक राहिलं. तू जॉयनिंग नोव्हेंबर म्हणतोयस. नोकरीसाठी बाहेर जाणारा माणूस त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस किंवा जास्त राहिला तर तो इथला रेसिडेंट धरला जातो. एप्रिल ते ऑक्टोबर तू इथंच, म्हणजे दुबईचा नोव्हेंबर ते मार्चचा पगार, २१ लाख ६० हजार, इथल्या रिटर्नमधे येऊ शकतो. इथले सात महिन्यांचे ८ लाख धरले तर नव्या रिजीममधे साडेचार लाखांच्या वर टॅक्स बसतो, जिथं नुसत्या ८ लाखांवर शून्य बसला असता. जर्मनीच्या बाबतीत तिकडं भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळतं, दुबईत भरलेलाच नाही तर क्रेडिट कशाचं. भारत आणि युएईमधल्या टॅक्सच्या करारातून काही महिने सुटतात का हे सीएला विचार, पण सोपा रस्ता म्हणजे २८ सप्टेंबरपर्यंत विमानात बसणं नाहीतर जॉयनिंग एप्रिलवर ढकलणं. दुबईवाल्यांना तारीख बदलून माग, ते हो म्हणाले तर बाकीचा हिशोब मी वर लिहिलाय तसाच राहील, नाही म्हणाले तर पहिल्या वर्षाच्या ओळीत हे साडेचार लाख उणे लिही.

माझं म्हणशील तर आत्ता आहे त्या पत्रांवर मी म्युनिक घेतलं असतं. बायकोला ब्लू कार्डवाल्याची, म्हणजे शिकलेल्या नोकरदारांच्या परवान्यावर गेलेल्याची, जोडीदार म्हणून तिथं लगेच नोकरी करता येते, फक्त भाषा आडवी येईल. दुबईला मात्र तीन गोष्टी विचारून बघ, २०,००० च्या वर पगार, घरच्यांचा इन्शुरन्स आणि भाड्याचा ॲडव्हान्स. उत्तर आलं की मला पाठव, मग दोघं बसून आकडे परत टाकू.