ब्रिटनमधील उपकंपनीचे मेमोरँडम आणि आर्टिकल्स

प्रश्न: ब्रिटनमध्ये उपकंपनी काढतो आहे. मेमोरँडम जेमतेम एका पानाचे आले आहे, ते अपुरे आहे का?

उत्तर: नाही. १ ऑक्टोबर २००९ पासून तेथील मेमोरँडममध्ये कंपनी स्थापन करून किमान एक शेअर घेण्याची पहिल्या भागधारकांची संमती एवढेच असते. त्यावर मूळ कंपनीचे नाव अचूक असल्याची खात्री करा.

आर्टिकल्स मात्र ओळ न ओळ वाचा, विशेषतः गणपूर्तीचे कलम. नमुना आर्टिकल्सनुसार दोन संचालक असतील तर सभेला दोघेही लागतात (फोनवरून हजेरी चालते). सहकारी गैरहजर असताना तुम्ही एकट्याने केलेला बँक खात्याचा ठराव वैध ठरत नाही, आणि हे बहुधा बँकेने इतिवृत्त मागितल्यावरच लक्षात येते. कलम बदलायचे असल्यास मूळ कंपनीने भागधारक म्हणून विशेष ठराव करून तो १५ दिवसांत निबंधकांकडे पाठवावा.