मेसवाल्यांची भाजी आणि फोनवरचा धंदा

प्रश्न: माझ्या भावाला दिसत नाही. पण स्मरणशक्ती जबरदस्त आहे, आवाज छान आहे आणि फोन सराईतपणे वापरतो. पुण्यात त्याला कोणता व्यवसाय करता येईल?

मेसवाल्यांच्या भाजीच्या ऑर्डरी घ्यायला लावा. बाकीचे पर्याय इतर कोणी सांगेल. मलाही दिसत नाही आणि माझं घर यावर चालतं, म्हणून यावरच लिहितो.

सदाशिव पेठ, नवी पेठ, कर्वेनगर इथे मेस चालवणाऱ्या बायका रात्रीची जेवणं उरकेपर्यंत थकलेल्या असतात. पहाटे गुलटेकडीला मार्केट यार्डात जायचं त्राण उरत नाही आणि दारावरची भाजी परवडत नाही. मी दुपारी चार ते सहा फोन करतो, कारण त्यानंतर त्यांच्याकडे पोळ्यांची धांदल सुरू होते. पहाटे माझा भागीदार माल बघून घेतो, टेम्पो पोचवतो.

स्मरणशक्तीचा खरा उपयोग कुठे होतो ते सांगतो. एका गुरुवारी कर्वेनगरच्या एका ताईंनी बटाटा दहा किलो, टोमॅटो सहा, फ्लॉवर आठ आणि मेथीच्या चाळीस जुड्या सांगितल्या. मी विचारलं, "ताई, शनिवारी यार्ड बंद. यात शनिवारचं धरलंय ना?" धरलं नव्हतं. बटाटा अठरावर गेला, आणि मेथी दोन दिवस टिकत नाही म्हणून शनिवारसाठी कोबी घेतला. त्यांचा कांदा दर दोन दिवसांनी लागतो हे मला पाठ आहे. तो यादीत नव्हता, विचारल्यावर आठवला. ताई पैसे देतात ते या विचारण्याचे.

ऑर्डर मात्र डोक्यात ठेवायची नाही. फोनवर 'सात' आणि 'साठ' सारखंच ऐकू येतं, म्हणून मी "सहा शून्य, साठ जुड्या" असं उलट वाचून दाखवतो आणि हो म्हणवून घेतो. फोन ठेवला की लगेच भागीदाराला व्हॉइस मेसेज. पुढचा फोन त्यानंतर. फोनचा पडदा वाचून दाखवणारं टॉकबॅक एका कानात, गिऱ्हाईक दुसऱ्या कानात.

दराचा प्रश्न त्याच फोनवर मिटवायचा. यार्डात फळभाज्यांचा भाव दहा किलोवर निघतो, पालेभाज्यांचा शेकड्यावर. पावसाची झड लागली की मेथी-कोथिंबीर भडकते. "जुडी इतक्याच्या वर गेली तर काय घेऊ?" हे आधी विचारलं नाही, तर सकाळी दारात भांडण ठरलेलं. आणि टक्केवारीवर काम घेऊ नका. भाव चढला की तुम्हीच चढवला असं वाटतं. ऑर्डरमागे ठरलेली रक्कम घ्या. समजा शंभर रुपये धरले, तर पंधरा मेस आणि महिन्याचे पंचवीस दिवस मिळून साडेसदतीस हजार होतात. त्यातून भागीदाराचा वाटा जातो. टेम्पोचं भाडं मेसवाल्यांकडून वेगळं घ्यायचं.

आता पैशांचं. आमच्या घरात यावरून वर्षानुवर्षं वाद झाला. थोरला भाऊ आधी म्हणायचा एसटीडी बूथ घे, अपंगांना प्राधान्याने मिळतो. मोबाइल आले आणि ते बूथ बसले. मग त्याचं म्हणणं असं, की बोलायचं काम तू कर, हिशेब माझा मुलगा बघेल. मी ठाम नाही म्हणालो. ज्याच्या हातात उधारीची वही असते, धंदा त्याचा असतो. दुसरा नुसता ऑपरेटर. तुम्ही भाऊ आहात म्हणून स्पष्ट सांगतो, खातं त्याच्याच नावावर असू द्या आणि पासवर्ड तुम्ही मागू नका. पैसे यूपीआयने घ्यायचे, पण पेमेंटचा स्क्रीनशॉट मी मानत नाही. खात्यात जमा झाल्याचं बँकेच्या ॲपमध्ये ऐकलं, तरच मिळाले. रोख आलीच, तर रिझर्व्ह बँकेचं मनी ॲप नोट ओळखून सांगतं. उधारी एक आठवडा. सोमवारी हिशेब आला नाही तर मंगळवारी भाजी जात नाही, मग ती ओळखीची मावशी का असेना.

पहिली गिऱ्हाइकं मिळवायला अनोळखी नंबर फिरवत बसू नका. नोंदणी न करता साध्या दहा आकडी नंबरावरून जाहिरातीचे फोन केले आणि १९०९ वर तक्रारी गेल्या, तर नंबरच बंद होऊ शकतो, आणि या धंद्यात नंबर म्हणजेच दुकान. भावाला घेऊन मेसमध्ये प्रत्यक्ष जा, जेवा, बोला. बोलू मात्र त्यालाच द्या.

हो, आणि हे राहिलं. माल पाहणारा भागीदार विश्वासाचा नसेल तर सुरुवातच करू नका. सडका टोमॅटो फोनवरून कळत नाही. मे महिन्यात विद्यार्थी गावी जातात, तेव्हा निम्म्या मेस थंड पडतात. म्हणून एक-दोन ऑफिसांची कॅन्टीन आधीच धरून ठेवा.