दिवसभर उभे राहून काम करणाऱ्याने व्यायाम केव्हा आणि किती करावा?

प्रश्न : सांगलीत मारुती रस्त्यावर साड्यांच्या दुकानात सेल्समन आहे. वय ३१. सकाळी १० ते रात्री ८.३० उभाच असतो. संध्याकाळी घोटे सुजतात, तळपाय जळजळतात, घरी आल्यावर अंगात त्राण राहत नाही. दोनदा जिम लावली, दोन्ही वेळा महिन्याभरात सुटली. मला झेपेल असा व्यायाम कुणी सांगेल का?

उत्तर :

मी सांगलीत एका लहान व्यायामशाळेत शिकवतो आणि त्याआधी चार वर्षे भांड्यांच्या दुकानात काउंटरमागे उभा राहिलेलो आहे. त्या काळात रात्री नऊला दुकान बंद झाले की मी थेट तालमीत जाऊन शंभर बैठका मारत असे. पाय दुखतात म्हणजे ते कच्चे आहेत आणि आणखी घासले की पक्के होतील, अशी माझी समजूत होती. तीन आठवड्यांत टाच अशी धरली की सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली दहा पावले भिंतीला धरून टाकावी लागत. तुमची जिम दोनदा सुटली यात आळसापेक्षा वेळेची चूक अधिक असावी, कारण रात्री नऊनंतरचे पाय व्यायामाच्या कामाचे नसतात.

असे का होते ते आधी पाहू, म्हणजे पुढचा आराखडा मनमानी वाटणार नाही. हृदय रक्त पायांपर्यंत ढकलते, पण ते वर परत आणण्याचे बरेचसे काम पोटरीचे स्नायू करतात. पोटरी आवळली की शिरा दाबल्या जाऊन रक्त वर सरकते आणि शिरांमधल्या झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. माणूस निश्चल उभा असताना घोट्याजवळच्या शिरांतला दाब साधारण ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याइतका असतो, आणि निरोगी माणूस चालू लागला की काही पावलांतच तो ३०च्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. म्हणजे त्रास उभे राहण्यापेक्षा न हलण्याचा अधिक आहे. काउंटरमागे तासन्‌तास उभे राहिल्यावर शिरांतले पाणी आजूबाजूच्या ऊतींमध्ये झिरपते आणि मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ उमटतो. दिवसभर उभे राहणे हा व्यायाम नव्हे, ते याचसाठी. पोटरी थकते, पण बळकट होत नाही.

व्यायाम सुरू करण्यापूर्वी सूज कसली आहे याची खात्री करून घ्यावी. तुमच्या वर्णनातली सूज दोन्ही पायांना, संध्याकाळी येणारी आणि रात्रभर झोपल्यावर उतरणारी वाटते. सूज एकाच पायाला आणि अचानक आली असेल, पोटरी दुखत असेल किंवा गरम लागत असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. अशा वेळी पोटरी चोळू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, आणि सोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर थेट रुग्णालय गाठावे. सकाळी उठल्यावरही सूज तशीच असणे किंवा चेहराही सुजणे हीसुद्धा व्यायामाने सोडवायची बाब नाही. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन घेणाऱ्या काही जणांचे घोटे त्या गोळीनेच सुजतात. तसे असेल तर गोळी स्वतः बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

आता आराखडा. पहिले दोन आठवडे जिम नाही आणि बैठकाही नाहीत. दुकानात दर अर्ध्या तासाने काउंटरला हात टेकून वीस वेळा टाचा सावकाश उचलायच्या आणि टेकवायच्या. गिऱ्हाईक समोर असले तरी साडीची घडी घालता घालता हे जमते. मध्ये मध्ये एक पाय वीतभर उंचीच्या पाटावर किंवा खोक्यावर ठेवावा आणि काही मिनिटांनी पाय बदलावा. जेवणाच्या सुट्टीत आडवे होऊन दहा मिनिटे पाय गठ्ठ्यांवर ठेवता आले, तर दुपारनंतरचा फरक तुम्हालाच जाणवेल. रात्री घरी आल्यावर व्यायाम म्हणून एवढेच करायचे : जमिनीवर उताणे झोपून पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवायच्या, पंधरा मिनिटे तसेच पडायचे आणि मधूनमधून पंजे वर-खाली हलवायचे.

साड्यांच्या दुकानांत आणखी एक अडचण असते. गादीवर मांडी घालून साड्या दाखवण्याची पद्धत मागे पडली, काउंटर आले, पण अनेक ठिकाणी अनवाणी राहण्याचा रिवाज तसाच राहिला. गादीवर अनवाणी बसणे आणि कडक फरशीवर दहा तास अनवाणी उभे राहणे यांत फार अंतर आहे. फक्त दुकानात वापरायची मऊ तळाची चप्पल ठेवण्याची परवानगी मालकांकडे मागा. ती मिळाली नाही तर काउंटरमागे जाड रबरी चटई टाकू द्या म्हणावे. स्टूलही मागावे. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतील कामगारांना बसण्याची सोय देणे कायद्याने बंधनकारक केले आहे, तेव्हा ही मागणी काही जगावेगळी नाही. घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचे, १५ ते २० मिलिमीटर पारा दाबाचे मोजे औषधांच्या दुकानात मिळतात. ते सकाळी सूज येण्याआधीच चढवायचे असतात, कारण संध्याकाळी सुजलेल्या पायावर घातले तर नुसते रुततात. मधुमेहामुळे पायांना बधिरपणा असलेल्यांनी किंवा पायांचा रक्तपुरवठा कमी असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घालू नयेत.

तिसऱ्या आठवड्यापासून खरा व्यायाम, तोही सकाळी, आंघोळीपूर्वी, आठवड्यातून दोनच दिवस आणि प्रत्येक वेळी पंचवीस मिनिटे. समजा मंगळवार आणि शुक्रवार. खुर्चीवरून हात न टेकता सावकाश उठणे-बसणे आठ वेळा, उताणे झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणे दहा वेळा आणि भिंतीवर किंवा ओट्याच्या कडेवर हात ठेवून जोर आठ वेळा, असे तीन-तीन फेरे करावेत. मधल्या विश्रांतीत कंजुषी करू नये. एक-दीड मिनिट थांबावे.

चौथा प्रकार तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. पायरीच्या कडेवर पंजे ठेवायचे, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी द्यायची, म्हणजे बोटे वरच्या बाजूला वळलेली राहतात आणि तळपायाचा पट्टा ताणला जातो. मग तीन सेकंदांत टाच वर न्यायची, दोन सेकंद वर थांबायचे आणि तीन सेकंदांत पायरीच्या पातळीखाली आणायची. असे बारा वेळा, तीन फेरे. आरंभी दोन्ही पायांवर करावे. बारा वेळा सहज होऊ लागल्यावर एका पायावर यावे. पुढे पाठीवरच्या पिशवीत पुस्तके भरून वजन वाढवावे आणि वजन वाढेल तशी आवर्तने दहावर, नंतर आठवर आणावीत. घाईने केलेल्या पन्नास उड्यांनी जे साधत नाही ते या संथपणाने साधते, कारण तळपायाचा पट्टा आणि पोटरीचा कंडरा हळू वाढणाऱ्या भारालाच चांगला प्रतिसाद देतात.

वाढ कधी करायची हे अंगातल्या उत्साहावरून ठरवू नका. शिंप्याची मोजपट्टी घ्या. घोट्याच्या हाडाच्या वर चार बोटे पेनाने खूण करा आणि तिथला घेर सकाळी उठल्यावर व रात्री घरी आल्यावर मोजून वहीत लिहा. शेजारी एक आकडा आणखी लिहा : सकाळच्या पहिल्या पावलांना टाच किती दुखली, शून्य ते दहा. आठवडाभर दोन्ही आकडे स्थिर असतील किंवा उतरत असतील तरच पुढच्या आठवड्यात भार वाढवावा. व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी टाचेचा आकडा दोनने चढला, तर मागच्या पायरीवर यावे.

माझ्याकडे मिरजेहून रोज बसने ये-जा करणाऱ्या, साडीच्याच दुकानातल्या एक ताई येत असत. पहिल्या आठवड्यात त्यांच्या उजव्या पायाचा सकाळ-संध्याकाळचा फरक दोन सेंटिमीटर आणि डाव्याचा दीड भरला. चौथ्या आठवड्यात बरे वाटू लागले म्हणून त्यांनी मला न सांगता एका पायावरचे फेरे सुरू केले. तिसऱ्याच दिवशी टाचेचा आकडा दोनवरून पाचवर गेला. पुन्हा दोन्ही पायांवर आणले, तेव्हा दहा दिवसांत तो दोनवर उतरला. आठव्या आठवड्यात उजव्या पायाचा फरक एक सेंटिमीटरवर आला आणि तिथेच थांबला. त्यापुढे तो व्यायामाने उतरला नाही. उभे राहण्याचे तासच कमी झाले असते तर कदाचित उतरला असता. सैल पडलेल्या झडपा व्यायामाने पूर्ववत होत नाहीत, हेही लक्षात घेतलेले बरे.

संध्याकाळी त्राण राहत नाही याचे एक कारण अगदी साधे असू शकते. दीड वाजता जेवण, पाचला चहा आणि मग साडेनऊपर्यंत काहीच नाही, असा बहुतेक दुकानदारीचा क्रम असतो. साडेपाचला मूठभर फुटाणे-शेंगदाणे आणि एखादे केळे खाऊन पाहा. आपल्याकडचा भडंग चवीला कितीही भारी असला तरी रोज नको, कारण मिठाने अंगात पाणी धरते. स्वच्छतागृह लांब आहे म्हणून पाणी कमी पिण्याची सवय दुकानांत फार दिसते. त्याने सूज उतरत नाही, डोके मात्र दुखू लागते.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी दिवसभर पडून राहण्यापेक्षा सकाळी कृष्णेच्या घाटावरून आयर्विन पुलाकडे तीस-चाळीस मिनिटे रमतगमत चालून या. पोहता येत असेल तर त्याहून उत्तम, कारण पाण्याचा दाब बाहेरून मोज्यांसारखे काम करतो.

दिवाळी आणि लग्नसराईत हा क्रम पार कोलमडतो, हे मी गृहीतच धरतो. त्या आठवड्यांत दोन्ही दिवस कायम ठेवा, पण तीन फेऱ्यांऐवजी एकच करा आणि वजन वाढवू नका. दहा मिनिटांत आटोपते आणि मिळवलेले बळ टिकते. गर्दी ओसरली की पहिल्या आठवड्यात दोन फेरे आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तीन. जिम पुन्हा लावायचीच असेल, तर आठ आठवड्यांनंतर सकाळची बॅच घ्या आणि पहिल्याच दिवशी तिथल्या प्रशिक्षकाला तुमची वही दाखवा.